चाळीस सेकंदांत नाव, गाव आणि भूमिका

अनेक आशीर्वाद.

अभिरूप विधानसभेसाठी लिहिलेला तुझा परिचय वाचला. विषय चांगला मिळालाय: विधानसभेच्या उमेदवारीचं वय 25 वरून 21 करावं का. तुझ्या कागदावर एकशे तीस शब्द आहेत. मराठीत सगळ्यांना कळेल अशा गतीनं बोललं, तर मिनिटाला शंभर ते एकशे दहा शब्द होतात. म्हणजे चाळीस सेकंदांत सत्तरच्या आसपास. त्यातले चार-पाच सेकंद उभं राहण्यात आणि माइक सुरू होण्यात जातात, म्हणून साठ-बासष्ट शब्दांवर थांबायचं. निम्म्याहून जास्त मजकूर जाणार आहे. काय जाईल हे ठरवण्याआधी मात्र क्रम बदलावा लागेल.

तुझी सुरुवात अशी आहे: ‘सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय परीक्षक, गुरुजन वर्ग आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो’. ही वक्तृत्व स्पर्धेची सवय. तिच्यावर पाच-सहा सेकंद जातात आणि सभागृहात ती चुकीचीही ठरते. सदस्य फक्त अध्यक्षांना उद्देशून बोलतो, समोरच्या बाकांना नाही, परीक्षकांना तर नाहीच. आपल्या विधानसभेत ‘अध्यक्ष महाराज’ म्हणायची जुनी रीत आहे, ‘अध्यक्ष महोदय’ही चालतं. ‘सभापती’ मात्र म्हणू नकोस, ते विधानपरिषदेत असतात. हा घोळ पुष्कळांचा होतो आणि परीक्षकाच्या लगेच कानावर येतो.

आता क्रम. तुझ्या मसुद्यात शाळा, कॉलेज, एनएसएसचं शिबिर, दोन बक्षिसं आणि वाचनाची आवड आहे. भूमिका आहे शेवटच्या ओळीत. घंटा वाजली की पहिल्यांदा हीच ओळ कापली जाते, आणि मग सभागृहाला तुझी बक्षिसं कळतात, तुझं मत कळत नाही. म्हणून नाव आणि मतदारसंघ सांगून झाले की लगेच भूमिका घे. पंधराव्या सेकंदापर्यंत ती पूर्ण व्हायला हवी. पार्श्वभूमी तिच्या मागून येऊ दे, आणि तीही फक्त त्या भूमिकेला आधार देणारी. तू दोन वर्षं गावच्या ग्रामसभेला जातेस, हे कागदावर कंसात टाकलं होतंस. या विषयावर बोलायचा तुझा खरा अधिकार तिथून येतो. बक्षिसं कितीही मोलाची असली तरी उमेदवारीच्या वयाशी त्यांचा संबंध नाही.

भूमिकेच्या शब्दांतही एक अडचण आहे. ‘हे सभागृह वय 21 करत आहे’ असं तू लिहिलंस. विधानसभेच्या उमेदवारीचं 25 हे वय संविधानाच्या अनुच्छेद 173 मध्ये आहे. ते बदलणं संसदेच्या हातात आहे. राज्याची विधानसभा फार तर ठराव करून केंद्राकडे शिफारस करू शकते. तुझं वाक्य आहे तसं राहिलं, तर विरोधी बाकावरचा कोणीतरी हरकतीचा मुद्दा काढेल आणि तुझा पहिलाच प्रवेश खुलासा करण्यात जाईल. ‘शिफारस’ हा एक शब्द घातला की तो मुद्दाच उरत नाही.

कारण एकच दे. तू दोन दिलीस आणि ती एकमेकांना छेद देतात. ‘18 व्या वर्षी मतदान करता येतं, मग निवडणूक का लढवता येऊ नये’ हे ऐकायला जोरकस आहे, पण त्यातून 18 निघतं, 21 नाही. समोरचा लगेच विचारेल, मग एकवीसवरच का थांबलात? सरपंचाचं उदाहरण मात्र नेमकं 21 वर येऊन थांबतं, कारण ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला महाराष्ट्रात तेवढंच वय लागतं. तेच ठेव.

तुमच्याकडे प्रत्येकानं आपल्याच मतदारसंघातून आणि आपल्याच नावानं बोलायचं आहे, म्हणून वय सांगितलं तरी चालेल. दुसऱ्या कुणाची भूमिका वाट्याला आली असती, तर स्वतःचं वय आणि गाव गाळावं लागलं असतं. हे सगळं धरून मजकूर असा होईल:

‘अध्यक्ष महाराज, मी (नाव, आडनाव), औसा मतदारसंघ. वय वीस. विधानसभेला उभं राहण्याचं वय पंचवीसवरून एकवीस करावं, अशी शिफारस या सभागृहानं केंद्राकडे करावी, ही माझी भूमिका. गेली दोन वर्षं मी गावच्या ग्रामसभेला बसते. तिथे एकविसाव्या वर्षी सरपंच होता येतं, पाण्याचा आणि रस्त्याचा निर्णय घेता येतो. तोच माणूस विधानसभेला मात्र आणखी चार वर्षं अपात्र ठरतो. अनुभवाची अट घालायची तर ती मतदारानं घालावी, कायद्यानं नव्हे.’

शब्द मोजून बघ, साठच्या आसपास भरतील. आकडे मुद्दाम अक्षरांत लिहिलेत. कागदावर ‘25’ ही दोनच चिन्हं असतात, तोंडात मात्र पूर्ण शब्द येतो. अनुच्छेदाचा क्रमांक याच कारणानं गाळलाय. कोणी विचारलं तर सांग. शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ नको. शेवटचं वाक्य बोलून झालं की बस.

सराव उभं राहून आणि मोठ्यानं कर, मोबाईलचं स्टॉपवॉच दुसऱ्या कुणाच्या हातात दे. मनात वाचलेला मजकूर नेहमी कमी वेळात संपतो, त्या वेळेवर विसंबू नकोस. घरी पस्तीस-छत्तीस सेकंद लागले तर बरोबर. सभागृहात धडधडीनं वेग वाढतो आणि हाच मजकूर अठ्ठावीस सेकंदांतही संपू शकतो. तेव्हा उरलेल्या वेळात भर घालायचा मोह होतो, आणि नेमकं तिथेच ‘तसंच मला असंही वाटतं’ सुरू होऊन घंटा वाजते. वेळ उरली तर उरू दे. वेग आवरायला दोन जागा पक्क्या करून ठेव: ‘ही माझी भूमिका’ नंतर एक पूर्ण श्वास, आणि ‘अपात्र ठरतो’ नंतर दुसरा. पेन्सिलनं तिथे उभी रेघ मार.

माइकचं बटण दाबल्यावर दिवा लागेपर्यंत थांब. नाहीतर ‘अध्यक्ष महाराज, मी’ हवेत विरतं आणि सभागृहाला एकदम तुझं आडनाव ऐकू येतं. नाव आणि मतदारसंघ यांच्यामध्येही किंचित थांब. नोंद घेणाऱ्याला तेवढी उसंत लागते.

परिचयानंतर प्रश्न आले तर दोन गोष्टी हाताशी ठेव. 2023 मध्ये संसदेच्या एका स्थायी समितीनं लोकसभा आणि विधानसभेसाठी हे वय 18 पर्यंत खाली आणावं असं सुचवलं होतं, आणि निवडणूक आयोगाला तो बदल मान्य नव्हता. दोन्ही बाजू सांग, फक्त तुझ्या सोयीची नको. ‘मग 18 का नको’ असं विचारलं, तर गावच्या कारभाराचा आपल्याला असलेला अनुभव 21 पासूनचा आहे, 18 चा नाही, एवढं उत्तर पुरे. हे मात्र त्या चाळीस सेकंदांत शिरू देऊ नकोस.

सुधारलेला कागद आणि तीन वेळा मोजलेली वेळ, दोन्ही शुक्रवारपर्यंत पाठव. तिन्ही वेळांत चार सेकंदांपेक्षा जास्त फरक असेल, तर मजकूर अजून तोंडी बसलेला नाही असं समज.