‘कंडिशन एक नंबर’च्या जागी काय लिहावं: एका जुन्या ॲक्टिव्हाची जाहिरात

प्रश्न: पुण्यात जुन्या दुचाकींचं छोटं दुकान आहे. फोन भरपूर येतात, माणसं गाडी बघायला येतात आणि ‘जाहिरातीत असं नव्हतं’ म्हणून निघून जातात. गाडीची हालत, कागद आणि टेस्ट राइड याबद्दल खरं लिहायचंय, पण गाडी विकलीही गेली पाहिजे. पोस्ट नेमकी कशी लिहू?

उत्तर:

आधी एक तयार नमुना देतो, मग त्यातली वाक्यं तशी का आहेत ते सांगतो. गाडी उदाहरणापुरती घेतली आहे, पण असा माल तुमच्याकडे रोज येत असणार.

होंडा ॲक्टिव्हा ५जी, ११० सीसी, बीएस ४. बनावट डिसेंबर २०१८, नोंदणी फेब्रुवारी २०१९, एमएच १२. आरसीवर एकच मालक. किंमत ₹४२,०००, नावावर करून देण्याचा खर्च यातच.

मीटरवर ३१,४०० किमी. सर्व्हिस बुकातली शेवटची नोंद २६,८०० ची, ऑगस्ट २०२३. पुढची कामं बाहेरच्या गॅरेजला झाली, बिलं नाहीत. त्यामुळे मीटरचा आकडा खात्रीचा आहे असं आम्ही म्हणत नाही.

इंजिन थंड असताना दुसऱ्या सेल्फला सुरू होतं, धूर नाही. जागेवरून उठताना हलकी थरथर आहे, ती क्लचची. बेल्ट बदलल्याची नोंद नाही, बदलायचाच आहे असं धरून चला. पुढच्या लिंकचे बुश झिजलेत, खड्ड्यात खडखड येते. मागचा टायर नवा (कोड ३१२५), पुढचा मूळचाच (कोड ४७१८), तो बदलावा लागेल. डावं पॅनल घासलं होतं, रंग मारलेला आहे (फोटो ५). पायाखालच्या मॅटखाली गंज आहे, भोक नाही (फोटो ६).

आरसी मूळ. कर्ज फिटलेलं, बोजा आरसीवरून उतरवलेला. थर्ड पार्टी विमा १४ फेब्रुवारी २०२७ पर्यंत. गाडी चोरीला गेली किंवा आपटली तर या विम्यातून पैसे मिळत नाहीत. पीयूसी चालू, एचएसआरपी बसवलेली. चलन आज सकाळी तपासलं, बाकी काही नाही. मूळ मालक पुण्यातच आहेत, ओटीपी देतील.

टेस्ट राइडला सकाळी १० ते १२ मध्ये, आधी फोन करून या. तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करणार नाही. लायसन्स आणि हेल्मेट आणा, मेकॅनिक आणलात तर चांगलंच. साधारण ४ किमी, चढ आणि खराब रस्ता धरून.

एवढंच. यात ‘टॉप’, ‘मक्खन’, ‘लेडीज वापर’ असलं काही नाही, कारण त्यातलं काहीच गिऱ्हाइकाला गाडीपाशी उभं राहून तपासता येत नाही. टायरवरचा कोड मात्र त्याला दिसतो. ४७१८ म्हणजे २०१८ चा ४७ वा आठवडा. नोंदणी फेब्रुवारी २०१९ ची, म्हणजे टायर गाडीबरोबरच आलेला. जाहिरातीतलं एक वाक्य असं डोळ्यांसमोर खरं ठरलं की उरलेल्या वाक्यांवरही त्याचा भरवसा बसतो.

बनावट आणि नोंदणी वेगवेगळी लिहा. आपल्या धंद्यात सरसकट ‘२०१९ मॉडेल’ म्हणतात, पण आरसीवर बनावटीचा महिना छापलेला असतो आणि गिऱ्हाईक तो वाचतोच. दोन महिन्यांच्या फरकाने किंमत फारशी हलत नाही. लपवल्यासारखं वाटलं तर सौदा मात्र मोडतो.

मीटरबद्दल मी आग्रहाने सांगेन. ‘३१,४०० किमी चाललेली’ आणि ‘मीटरवर ३१,४००’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात तुम्ही हमी देता, दुसऱ्यात फक्त दिसतं ते सांगता. काट्याच्या मीटरची केबल तुटली तर गाडी महिनोन्महिने चालते आणि आकडा जागचा हलत नाही, आणि हे मूळ मालकालाही धड आठवत नाही. म्हणून मागचा पुरावा शोधा, मिळेल तेवढा लिहा आणि जिथे संपतो तिथे ‘इथून पुढे माहीत नाही’ म्हणा. आकडा कमी आणि हँडलची ग्रिप, किकचं रबर, पायाखालची मॅट गुळगुळीत झालेली असेल, तर आकडा जाहिरातीत ठळक करूच नका.

आता थरथर. जाहिरातीत दोष लिहायचा तर तो नेमका कुठला हे आधी तुम्हाला कळलं पाहिजे. थरथर फक्त गाडी जागेवरून उठताना असेल आणि वेग घेतल्यावर जात असेल, तर क्लच शूज किंवा त्यांच्यावरची वाटी बघा. शूज चकाकायला लागले की वाटीला धरता धरता सुटतात, त्याची ती थरथर. चालत्या गाडीत इंजिनचा आवाज चढतो पण वेग तेवढा वाढत नाही असं असेल, तर बेल्ट आणि रोलर बघा. या स्कूटरचा बेल्ट साधारण २४,००० किमीला बदलतात. तुटला तर इंजिन चालू राहतं आणि गाडी जागची हलत नाही. आमच्या उदाहरणात मीटर ३१,००० च्या वर आहे आणि नोंद नाही, म्हणून ‘बदलायचाच आहे असं धरा’. तुम्ही स्वतः बदलून दिलात तर बिलाचा फोटो टाका, ते शंभर विशेषणांपेक्षा जास्त काम करतं.

पुढची खडखडही तशीच. ५जी पर्यंतच्या ॲक्टिव्हाला पुढे टेलिस्कोपिक फोर्क नाही, लिंक आहे, आणि तिचे बुश झिजतात. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागून एकाने दाबून पुढचं चाक उचलून धरायचं. चाक खालून दोन्ही हातांनी पकडून पुढे-मागे हलवा आणि तिसऱ्याला लिंकच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. टकटक बोटाखाली लागली तर बुश. हँडलच्या दांड्यापाशी लागली तर कोन सेट. ‘पुढे थोडा आवाज आहे’ असं मोघम लिहिलंत की गिऱ्हाईक अपघाताची गाडी समजतो. ‘लिंकचे बुश’ लिहिलंत की तो आपल्या मेकॅनिकला फोन करून खर्च विचारतो, आणि तो खर्च किमतीतून वजा करूनच यायला निघतो. दारात घासाघीस कमी होते ती यामुळे.

मात्र प्रत्येक ओरखड्याची यादी करत बसू नका. पैसे लागणारे, सुरक्षिततेशी जोडलेले आणि फोटोत न दिसणारे दोष शब्दांत लिहा. बाकीचं फोटोंवर सोडा. फोटो सकाळच्या उजेडात, गाडी पुसून पण कोरडी ठेवून काढा. ओल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही, आणि पाणी मारून फोटो काढलाय हे जाणत्याला लगेच कळतं. आरसीचा फोटो टाकलात तर मालकाचं नाव, पत्ता आणि चॅसी नंबर झाका.

कागदांत सगळ्यात फसवा शब्द ‘विमा चालू’. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. त्यामुळे फेब्रुवारी २०१९ च्या गाडीचा तो विमा फेब्रुवारी २०२४ ला संपला. पुढे काय घेतलं आणि कशाचं घेतलं ते लिहा, कारण विकत घेणारा ‘चालू’ म्हणजे चोरीसकट सगळं असं समजतो. नाव बदलल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीलाही कळवावं लागतं आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस नव्याला मिळत नाही, हे फोनवर सांगितलंत तरी पुरे.

बोजा उतरवलेला नसेल तर ‘कर्ज क्लिअर’ लिहू नका. कर्ज फिटणं वेगळं, आरसीवरून बोजा उतरणं वेगळं. त्याला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. हातात काय आहे तेच लिहा: ‘एनओसी आहे, बोजा उतरवायला टाकला आहे’. चलन mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चॅसीचे शेवटचे चार आकडे टाकून दिसतं. पोस्ट टाकायच्या दिवशी बघा आणि ज्या दिवशी सौदा होईल त्या दिवशी पुन्हा बघा, कारण मधल्या काळात जुनं चलन वर येऊ शकतं.

‘मूळ मालक ओटीपी देतील’ हे वाक्य मी कधीच गाळणार नाही. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन ठेवण्याची जुनी सवय आता अडचणीत आणते. अर्ज ऑनलाइन भरताना मालकाचा मोबाइल लागतो आणि तो माणूस गाव बदलून किंवा नंबर बदलून गेलेला असतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नियमांत जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी अधिकारपत्राची सोय आहे. ते तुमच्याकडे असेल तर मालक गाडी तुमच्या ताब्यात देताना फॉर्म २९सी ने आरटीओला कळवतो, आणि तिथून पुढची जबाबदारी तुमची. अशा गाडीच्या प्रत्येक फेरीची ऑनलाइन नोंदही ठेवावी लागते, टेस्ट राइड धरून. अधिकारपत्र असेल तर पोस्टमध्ये लिहा. नसेल तर त्या बाबतीत काहीही सूचित करू नका.

टेस्ट राइडच्या आमंत्रणात ‘तुम्ही येईपर्यंत सुरू करणार नाही’ हे सगळ्यात वजनदार वाक्य आहे, आणि ते पाळलंच पाहिजे. गरम इंजिन एका सेल्फला सुरू होतं, त्यातून काही कळत नाही. थंड इंजिन सुरू होताना निळसर धुराचा एक भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, आणि रेस दिली की येतच राहिला तर पिस्टन रिंग. थंडीच्या सकाळी पांढरी वाफ दिसते, ती विरून जाते, तिला घाबरू नका. गिऱ्हाइकाला इंजिनजवळ हात नेऊन गार असल्याची खात्री आधी करू द्या, आणि सेल्फ त्यालाच मारू द्या.

रस्ता तुम्ही ठरवा, पण सोपा नको. चढावर थांबून पुन्हा उचलायला सांगा, म्हणजे जाहिरातीत लिहिलेली थरथर त्याला स्वतःला जाणवेल. खराब रस्त्यावर खडखड ऐकू येईल. लिहिलेलंच समोर आलं की तो दचकत नाही. लायसन्सचा फोटो घ्या, मूळ लायसन्स ठेवून घेऊ नका, रस्त्यात त्याला ते लागतं. राइडमध्ये गाडी पडली तर खर्च कोणाचा हे चावी देण्याआधी बोलून घ्या. विमा संपलेली गाडी रस्त्यावर देऊच नका, अशा वेळी पोस्टमध्ये ‘विमा काढल्यावर राइड’ असं स्पष्ट लिहा.

गाडी दिली की पोस्ट त्याच दिवशी काढा, आणि डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळ घाला, उदाहरणार्थ ‘सायंकाळी ५.४०’, मीटरच्या आकड्यासकट. पावणेसहाला सिग्नलवरच्या कॅमेऱ्याने फोटो काढला तर चलन आरसीवरच्या जुन्या मालकाच्या नावाने येतं, आणि ते कोणी भरायचं हे त्या एका ओळीवरून ठरतं.