पंधरा रुपयांवरच भाव का थांबतो?

सारखाच माल विकणाऱ्या दोघांची भावातली चढाओढ कुठे थांबते हे समजायला आधी सूत्रं बाजूला ठेव आणि एकच उदाहरण हाताने सोडव. गंगापूर रोडवर दोघे जण पाण्याचे अगदी सारखे जार विकतात. वाढीव खर्च, म्हणजे एक जार जास्त विकल्याने वाढणारा खर्च, १५ रुपये, रोजची मागणी १०० जार. भाव दोघांचा ३० असेल, तर प्रत्येकी ५० जार आणि ७५० रुपये नफा. एकाने २९ केला की शंभरही गिऱ्हाइकं त्याची, नफा १,४००. मग दुसरा २८ करणारच.

१५ वर मात्र गाडी थांबते. आणखी उतरलं तर प्रत्येक जारमागे तोटा, चढवलं तर गिऱ्हाईकच नाही.

नवखे इथे चुकतात:
- मशीनचं भाडं वाढीव खर्चात धरतात. ते एक जार जास्त विकल्याने वाढत नाही, म्हणून भाव ठरवताना मोजायचं नाही.
- क्षमता विसरतात. एकाकडे ६० च जार असतील, तर उरलेली ४० गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे जाणारच, आणि तो १५ च्या वर भाव लावू शकतो.

भाव पूर्ण रुपयांतच लावायचा असेल, तर दोघांचा १६ हाही समतोल ठरतो, म्हणजे एकट्याने भाव बदलून कुणाचाच फायदा होत नाही. का, ते स्वतः तपासून बघ. वेगवेगळ्या खर्चाचं प्रकरण सध्या नको.