मावसभावाची कंपनी: प्रेफरन्स शेअर घ्यावेत की कन्व्हर्टिबल डिबेंचर?

प्रश्न: मावसभावाची जळगाव एमआयडीसीत पाइपची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. त्याला माझे १० लाख हवेत. एकतर ९ टक्क्यांचे प्रेफरन्स शेअर घे, नाहीतर ७ टक्क्यांचे ५ वर्षांचे कन्व्हर्टिबल डिबेंचर घे, म्हणतो. डिबेंचरचे पुढे शेअर करून घ्यायचा रूपांतर भाव १२५ रुपये. ९ टक्के घेतलेले बरे ना?

उत्तर: भाऊ, टक्के बाजूला ठेवा आणि पाऊस दगा देईल त्या वर्षाचा विचार करा. शेतकऱ्याने ठिबक पुढे ढकललं की पाइपचा धंदा बसतो.

अशा वर्षी डिबेंचरचं व्याज, म्हणजे तुमचे ७०,०००, तोटा असला तरी द्यावंच लागतं. ते कर्ज आहे. प्रेफरन्सचे ९०,००० मात्र लाभांश आहेत. नफा नसेल तर सहसा तो मिळत नाही, आणि त्यासाठी दावाही लावता येत नाही. शेअर 'क्युम्युलेटिव्ह' असतील तर थकबाकी पुढे चालते, एवढंच. लाभांश दोन वर्षं थकला तर प्रेफरन्सवाल्यांना सहसा सगळ्या ठरावांवर मत मिळतं. मी धुळ्याच्या एका कंपनीत हे मत मिळवलं होतं. घरच्यांच्या शेअरांपुढे त्याचा काय उपयोग!

मुद्दलाचं तर अजून अवघड. प्रेफरन्स शेअरची परतफेड नफ्यातून किंवा नवे शेअर काढून आलेल्या पैशातूनच करता येते, असं कंपनी कायद्याचं कलम ५५ सांगतं. बँकेचं कर्ज काढून ती करता येत नाही. म्हणजे ठरलेली तारीख आली तरी पैसे अडकू शकतात.

आता १२५ चा भाव. १० लाखांचे ८,००० शेअर होतात. शेअर १२५ च्या वर गेला तरच रूपांतर करायचं, नाहीतर १० लाख परत मागायचे. पण हा हक्क फुकट नाही. समजा, साधं डिबेंचर १२ टक्के देत असतं. तर तुम्ही वर्षाला ५०,००० आणि ५ वर्षांत अडीच लाख सोडताय. ते भरून निघायला शेअर साधारण १५६ च्या वर जायला हवा, आणि सोडलेल्या व्याजावरचं व्याज यात धरलेलंच नाही. शेअर बाजारात नाही, मग तो १५६ चा झाला हे ठरवणार कोण? मूल्यांकनाची पद्धत करारातच लिहून घ्या.

आणखी एक शब्द शोधा: 'कंपल्सरी'. रूपांतर सक्तीचं असेल तर पैसे परत मागायचा हक्कच उरत नाही, शेअर ८० चा असला तरी ८,००० शेअरच हातात येतात. रूपांतर ऐच्छिक असेल तर डिबेंचरसाठी मालमत्तेवर पहिला बोजा असावा लागतो, नाहीतर ती रक्कम ठेव ठरून कंपनी ठेवींच्या नियमांत अडकू शकते. आणि यंत्रांवर पहिला बोजा बहुधा बँकेचा आधीच असतो! कंपनी खात्याच्या पोर्टलवर बोजांची नोंद दिसते. आधी ती काढून बघा, मग मावसभावाकडे चहाला जा.