‘मला काय शिकायला मिळालं’ या मथळ्याखाली काय लिहायचं?

“सेमिनारचा अहवाल विभागात द्यायचाय. व्याख्यानांचा सारांश लिहून झालाय, पण ‘मला काय शिकायला मिळालं’ यावर काहीही लिहिलं तरी खोटं वाटतं. मी खरंच काही शिकलेच नाही का?”

ही तक्रार घेऊन येणारी मुलं बहुतेक वेळा वर्गातली मन लावून ऐकणारी मुलं असतात. ज्यांना खोटं टोचतं, तीच अडकतात. बाकीचे ‘ज्ञानात मोलाची भर पडली’ असं लिहून मोकळे होतात.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी एक मुलगी अशीच आली होती. सेमिनार अँटिबायोटिकना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर होता, व्याख्यानं तीन. तिचा सारांश मी वाचला. ‘त्यानंतर वक्त्यांनी अमुक विषयावर प्रकाश टाकला’ हे वाक्य पानोपानी होतं. वक्ते नेमकं काय म्हणाले, ते मात्र कुठेच नव्हतं.

“वही मिटून ठेव आणि तिन्ही व्याख्यानं मला सांग,” मी म्हटलं.

पहिली दोन तिने पाठ केल्यासारखी सांगितली. काही जिवाणू पेनिसिलिन मोडून टाकणारं विकर कसं बनवतात, आणि प्लास्मिड या डीएनएच्या छोट्या वलयांमधून ती जनुकं एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे कशी जातात. तिसऱ्यापाशी आवाज चढला.

“ते म्हणाले, औषधाचा कोर्स पूर्ण करायची गरज नसते. मला अजिबात पटलं नाही, मॅडम.”

“का नाही पटलं?”

“घरी सगळ्यांना मीच बजावते ना! बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत, नाहीतर जिवाणू औषधाला सरावतात.”

“मग हे अहवालात का नाही?”

“हे कसं लिहिणार? हे काही शिकणं नाही, हा माझा गोंधळ आहे.”

मी काहीच बोलले नाही. मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांना मानणारी आहे. माणसाला सुरक्षित वाटलं की आपलं उत्तर तो स्वतः गाठतो, यावर माझा विश्वास आहे. अशा वेळी बोलायचा मोह आवरणं मला अनेक वर्षांच्या सरावाने जमतं. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “म्हणजे गोंधळच लिहायचा?”

“आधी तो नीट बघूया.”

वहीत तिने लिहिलं होतं, ‘कोर्स पूर्ण करायची गरज नाही!!’ मग तिने मोबाइलमधला स्लाइडचा फोटो उघडला. तिथे वाक्य वेगळं होतं: काही ठरावीक संसर्गांत कमी दिवसांचा उपचार तितकाच परिणामकारक ठरतो असं चाचण्यांत दिसलं आहे; औषध गरजेपेक्षा जास्त दिवस घेतलं, तर शरीरातल्या इतर जिवाणूंवरही दाब येऊन प्रतिरोधक जिवाणूंना वाव मिळतो; क्षयरोगाला हे लागू नाही, आणि दिवस डॉक्टरच ठरवणार. ‘काही ठरावीक’ हे दोन शब्द तिच्या वहीत उतरलेच नव्हते.

ती फोटोकडे बघत राहिली. “मला धक्का बसला, म्हणून मी पुढचं ऐकलंच नाही.”

तिचा शेवटचा परिच्छेद तिथेच सुरू झाला. तिने लिहिलं: ‘कोर्स अर्धवट सोडल्यानेच प्रतिरोध वाढतो, असं मी धरून चालले होते. जास्त दिवस घेतल्यानेही तो वाढू शकतो, हे मला नवीन होतं. वक्त्यांचं विधान मी आधी सरसकट समजले; त्याची मर्यादा नंतर लक्षात आली. किती दिवस पुरेसे, हे प्रत्येक संसर्गासाठी कसं ठरवतात, हे मला अजून कळलेलं नाही.’ सारांशातलं तिसऱ्या व्याख्यानावरचं ‘प्रकाश टाकला’ हे वाक्यही तिने दुरुस्त केलं.

म्हणून माझं सांगणं असं, की लिहायला बसताना वही आधी उघडू नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधल्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं होतं. अहवालासाठी याचा आणखी एक उपयोग मला दिसतो. आठवताना जिथे आवाज चढतो, वाद घालावासा वाटतो किंवा धागाच तुटतो, तिथे तुमचं शिकणं सापडतं. त्यानंतर वही आणि स्लाइड ताडून पाहा. प्रत्येक व्याख्यानाचं मुख्य म्हणणं, त्याचा आधार आणि वक्त्याने घातलेली मर्यादा एवढं आलं, की सारांश झाला. मर्यादाच बहुतेक वेळा गळते.

शेवटच्या भागातलं वाक्य पोकळ आहे का, हे पाहायला सेमिनारचा विषय मनात बदलून बघा. तरीही वाक्य तसंच चालत असेल, तर खोडा. आधी काय वाटत होतं, ते कशाने हललं आणि काय अजून अडतंय, एवढं लिहा. तीन व्याख्यानांपैकी एकानेच हलवलं असेल, तर त्या एकावरच लिहा. बाकी दोन सारांशात आहेतच.