पहिल्या व्हिडिओ कॉलवर रस कसा ओळखावा?

प्रश्न: ठाण्यातल्या मुलीशी पहिला व्हिडिओ कॉल झाला. ती सारखी खाली बघत होती. भेटायला विचारू का?

विचारा. नजरेवरून काही ठरवू नका. कॅमेरा स्क्रीनच्या वर असतो, त्यामुळे तुमच्या चेहऱ्याकडे बघणारी व्यक्तीही खाली बघताना दिसते. हळू आवाजाचंही तसंच. बाहेर आईबाबा टीव्ही बघत असतील तर कोण मोकळं बोलेल?

त्यापेक्षा तिने काय विचारलं ते आठवा. तुम्ही ऐरोलीच्या ऑफिसचं सांगितल्यावर ‘मग लोकलने जाता की बसने?’ असं आलं, तर रस आहे. प्रत्येक गोष्टीला नुसतं ‘हो, छान’ असेल, तर बहुधा नाही.

शनिवारी संध्याकाळी तलावपाळीला कॉफी घ्यायची का, हे मेसेजवर विचारा. तोंडावर नकार द्यायचा संकोच राहत नाही. ‘शनिवारी नाही, रविवारी चालेल’ हा होकारच. ‘बघू, कळवते’ आलं, तर पुन्हा विचारू नका.