डब्यासाठी दोन पक्के पदार्थ, मामाकडून

अरे बाळा, नोकरी लागली, रूम मिळाली, आता डब्याचं बघू. रोज बाहेर खाऊ नकोस, पैसे पण जातात आणि पोट पण बिघडतं.

पहिलं म्हणजे मूगडाळीची खिचडी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, धुवून घ्यायचं, कुकरमध्येच तेल, मोहरी, हिंग, हळद, एखादा कांदा, मग तीन वाट्या गरम पाणी आणि मध्यम आचेवर तीन शिट्ट्या. पाणी गरम घातलंस की वेळ वाचतो. ताटात खायची असेल तर अजून वाटीभर पाणी चालेल पण डब्याला नको, गार झाल्यावर गोळा होतो तिचा. आणि वाफ निघून जाईपर्यंत डबा बंद करू नकोस, मी सुरुवातीला तसाच गरम गरम बंद करायचो, झाकणाचं पाणी भातात पडून दुपारी आंबूस वास यायचा.

दुसरी पीठ पेरून सिमला मिरची. दोन मिरच्या बारीक चिरून फोडणीत परतायच्या, तोवर बाजूला चार चमचे बेसन कोरडंच मंद आचेवर भाज, खमंग वास आला की गॅस बंद. मग मीठ-तिखट टाकून वरून पीठ पेर, पाण्याचा हबका मार, झाकण ठेवून पाच मिनिटं. पीठ कच्चं राहिलं तर जिभेला चिकटतं, मग अजून एक वाफ दे. कोबीची पण अशीच होते.

पिठलं मात्र रात्रीच खा, डब्यात घट्ट होतं.

पोळ्या जमत नसतील तर विकत घे, भाजी घरची असली म्हणजे झालं.