青 दिसलं की 'छिंग' म्हणायचं का?

प्रश्न: अनोळखी चिनी अक्षराचा उच्चार त्याच्या भागांवरून ओळखता येतो का?

अंदाज बांधता येतो, पण सुरासकट, म्हणजे आवाजाच्या चढउतारासकट, नाही. बहुतेक अक्षरांत एक भाग अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. उच्चाराचा भाग बहुधा उजवीकडे असतो. 青 (छिंग) घ्या. डावीकडे पाण्याचे तीन थेंब आले की 清, म्हणजे स्वच्छ. सूर्य आला की 晴, निरभ्र. बोलण्याची खूण आली की 请, विनंती करणे. तिन्ही छिंगच, फक्त सूर अनुक्रमे पहिला, दुसरा, तिसरा. तो शब्दकोशातच बघावा लागतो. शिवाय यातली बरीच अक्षरं दोन हजार वर्षांपूर्वीची, उच्चार नंतर बदलत गेले. त्यामुळे 精 आज 'चिंग' आहे आणि 猜 तर थेट 'त्साय'. गंमत म्हणजे 猜चा अर्थच 'अंदाज करणे'!